डीजे स्टेंट आत असताना सतत घाई, कुशीत कळ आणि लाल लघवी: यातलं अपेक्षित काय आणि काळजीचं काय?

भीमाकाठ

नमस्कार मंडळी. डाव्या बाजूला ११ मिमीचा मुतखडा होता, मूत्रवाहिनीच्या वरच्या भागात अडकलेला. गेल्या आठवड्यात सोलापुरात दुर्बिणीने आत जाऊन लेझरने फोडला. खडा पूर्ण निघाला असं डॉक्टर म्हणाले. आत डीजे स्टेंट ठेवला आहे, तो तीन आठवड्यांनी काढणार. डिस्चार्ज कार्डावर "थोडा त्रास होऊ शकतो, पाणी भरपूर प्यावे" एवढंच लिहिलंय. तो "थोडा" म्हणजे किती, हे कुणाकडून तरी समजून घ्यायचं आहे.

अर्ध्या-पाऊण तासाला लघवीची घाई होते, आणि ती थांबवता येत नाही. जाऊन आलो तरी मोकळं झाल्यासारखं वाटत नाही. शेवटचे थेंब येताना अगदी टोकाशी चमक निघते. दुसरं म्हणजे लघवी करतानाच डाव्या कुशीत कळ उठते, बरगडीपर्यंत चढते आणि मिनिटभरात ओसरते.

तिसरी गोष्ट रक्ताची, आणि झोप त्यानेच उडाली आहे. घरी आल्यावर लघवी स्वच्छ पिवळी झाली होती. म्हणून मोटरसायकलने कामावर गेलो, एका बाजूचं अंतर वीसेक किलोमीटर. पोहोचल्यावर लघवी कोकम सरबताच्या रंगाची! घरी येऊन पडून राहिलो, पाणी प्यायलो, रात्री फिकट झाली, सकाळी पुन्हा पिवळी. दुसऱ्या दिवशी गाडी काढली आणि परत तेच.

स्टेंट सरकला असेल का? किडनीतून रक्त येतंय का? लघवीच्या रिपोर्टात लाल पेशी "भरपूर" आणि पस सेल्स १५-२० लिहिलेत. वय ४३, बीपी-शुगर नाही, ताप नाही.

गणेश_पेठ

स्टेंट घातल्यावर रक्त पातळ करणारी गोळी एकही दिवस चुकवायची नसते. माझ्या वडिलांना दोन स्टेंट आहेत, डॉक्टरांनी बजावून सांगितलंय. रक्त दिसलं म्हणून गोळी बंद करू नका, ब्लॉक होईल.

ऋतुजा_ओटी

गणेशदादा, हा स्टेंट हृदयाचा नाही, किडनीपासून मूत्राशयापर्यंत ठेवलेली मऊ नळी आहे. तिच्यासाठी रक्त पातळ करायची गोळी लागत नाही. पण तुम्ही विषय काढलात ते बरं केलंत. ज्यांना हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल चालू आहे आणि डीजे स्टेंटही आहे, त्यांना लघवीतून रक्त जास्त आणि जास्त दिवस दिसतं. त्यांनी आपल्या मनाने गोळी थांबवायची नाही. हृदयाचे आणि मूत्रविकाराचे, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी बोलायला लावायचं.

भीमाकाठ दादा, मी पुण्यात यूरॉलॉजीच्या ऑपरेशन थिएटरात सिस्टर आहे. वीस वर्षांच्या वर झाली. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही तक्रारी मी रोज ऐकते. स्टेंट असलेल्या दहातल्या आठ जणांना यातलं काही ना काही होतंच, आणि बऱ्याच जणांना रोजच्या कामात अडथळा येण्याइतकं होतं.

नळीची दोन्ही टोकं वळवलेली असतात. वरचं वेटोळं किडनीत, खालचं मूत्राशयात, म्हणजे ती सहसा वर-खाली निसटत नाही. लेझरनंतर मूत्रवाहिनीला आतून सूज येते, त्या सुजेत लघवी अडू नये म्हणून नळी. खालचं वेटोळं मूत्राशयाच्या तळाशी टेकतं, आणि मूत्राशयाचा सगळ्यात नाजूक भाग तोच. मूत्राशयाला वाटत राहतं की आपण भरलोय. म्हणून घाई. लघवी संपत येते तेव्हा मूत्राशय आकसून त्या वेटोळ्यावर बसतं, म्हणून शेवटची चमक, आणि पुरुषांना ती टोकाशी जाणवते.

कुशीतल्या कळेचं कारण वेगळं. एरवी मूत्रवाहिनीचं तोंड लघवी करताना दाबाने आपोआप मिटतं, त्यामुळे लघवी वर चढत नाही. आता त्या तोंडातून नळी गेली आहे, ते मिटणार कसं? मूत्राशय दाबलं की थोडी लघवी उलटी किडनीकडे जाते आणि कूस दुखते. थांबलात की ओसरते. तुमची कळ लघवीबरोबर येते आणि लघवीबरोबर जाते, हे चांगलं लक्षण. रात्रंदिवस एकसारखी दुखत राहिली असती, सोबत उलट्या झाल्या असत्या, तर मी लगेच जा म्हटलं असतं.

बसून करा, जोर लावू नका, आणि गच्च भरेपर्यंत धरून ठेवू नका. झाल्यावर दोन मिनिटं थांबून पुन्हा एकदा बसा.

रक्त किडनी फुटल्याचं नाही. हललं की नळी आत घासते, नाजूक अस्तरातून थोडं रक्त येतं. लिटरभर लघवीत मिलीलिटरभर रक्त मिसळलं तरी रंग बदललेला डोळ्यांना दिसतो, म्हणून दिसतं त्यापेक्षा प्रत्यक्षात फार कमी असतं. वॉर्डात आम्ही लघवी पारदर्शक ग्लासात घेतो आणि ग्लासामागे वर्तमानपत्र धरतो. अक्षरं वाचता आली तर पाणी पिऊन आराम करायचा. अक्षरं दिसतच नाहीत इतकं दाट, किंवा गुठळ्या पडतायत, आणि काही तास पडून राहून, पाणी पिऊनही पातळ होत नाही, तर दवाखान्यात यायचं. गुठळी अडकून लघवी बंद झाली तर लगेच. पांढऱ्या कमोडात सगळंच भयंकर दिसतं, म्हणून ग्लासात बघा.

आता एक काम करा. एक पूर्ण दिवस वहीत लिहा: किती वाजता गेलात, साधारण किती झाली, रंग कसा, त्याआधी काय करत होतात. मग बोलू.

आबा_तासगाव

पोरा, घाबरू नकोस. मला तीनदा खडे झालेत. दिवसाला सहा-सात लिटर पाणी पी, सकाळी कुळथाचं पाणी, दुपारी जवाचं पाणी. सगळं धुऊन निघतं. आणि पस सेल १५-२० म्हणजे इन्फेक्शन झालंय, त्यात वाद नाही. पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स घे. माझ्या वेळी डॉक्टरांनी पस सेल बघूनच दिला होता.

ऋतुजा_ओटी

आबा, पाणी प्यायचं हे बरोबर, रक्त पातळ राहतं आणि गुठळी धरत नाही. पण सात लिटर नको. मूत्राशय आधीच चिडलंय, त्यात सतत भरत राहिलं तर माणूस संडासातून बाहेरच येणार नाही. अडीच-तीन लिटर, सोलापूरचं ऊन असेल तर थोडं जास्त. लघवी फिकट पिवळी राहिली म्हणजे पुरेसं झालं. संध्याकाळनंतर कमी करायचं, म्हणजे रात्री झोप मिळते. चहा-कॉफीही कमी, त्याने घाई वाढते. कुळथाचं पाणी आवडत असेल तर प्या, पण यांचा खडा निघालेला आहे आणि नळीच्या त्रासावर कुळीथ काही करणार नाही.

पस सेल्सचं मात्र तसं नाही. आत परकी वस्तू असली की लघवीत पांढऱ्या पेशी येतातच, लाल पेशीही येतात. स्टेंट असलेल्या माणसाचा रुटीन रिपोर्ट स्वच्छ आला तर मला नवल वाटेल. इन्फेक्शन आहे की नाही ते कल्चरवर ठरतं, आणि त्याहून आधी तापावर. ताप नाही, थंडी नाही, तर नुसत्या पस सेल्सवर अँटिबायोटिक घेतलं तर जळजळ तशीच राहील आणि पुढे खरी गरज पडेल तेव्हा जंतू त्या औषधाला दाद देणार नाहीत.

आबा_तासगाव

मग मला का दिलं?

ऋतुजा_ओटी

तुमची केस माझ्यासमोर नाही आबा. ताप असेल, किंवा नळी काढण्याआधी कल्चरमध्ये जंतू आले असतील, तर देतात, आणि ते योग्यच. म्हणूनच यांनी आपल्या मनाने कोर्स सुरू करू नये.

सह्याद्रीची_लेक

तापाबद्दल मला लिहायलाच हवं. माझा स्टेंट उजव्या बाजूला होता. घाई, जळजळ, रक्त सगळं भीमाकाठ दादांसारखंच, त्याची सवय होत आली होती. मग एका रात्री दात वाजायला लागले, दोन रजया घेऊनही थंडी थांबेना. ताप १०२. नवऱ्याने रात्रीच कॅज्युअल्टीला नेलं. तिथे आधी रक्ताचं आणि लघवीचं कल्चर घेतलं, मग सलाइनमधून अँटिबायोटिक, आणि लगेच लघवीची पिशवी लावली. मला कळेना, मी तर लघवी करू शकत होते, मग कॅथेटर कशाला? तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं की मूत्राशय रिकामं ठेवलं की जंतू असलेली लघवी नळीतून किडनीकडे चढत नाही. कल्चरमध्ये ई. कोलाय आला. चार दिवस अ‍ॅडमिट होते.

बाकीच्या त्रासाला कितीही धीर धरा, पण स्टेंट आत असताना थंडी वाजून ताप आला तर क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघू नका.

ऋतुजा_ओटी

अगदी असंच. १००.४ च्या वर ताप गेला की फोन, थंडी वाजली की थेट दवाखाना. आणखी एक खूण सांगून ठेवते, कारण ती लोक घाईतच मोजतात. कळ न येता, न कळता लघवी सतत थेंब थेंब गळत राहिली, तर नळीचं खालचं टोक मूत्राशयातून घसरून मूत्रमार्गात आलेलं असू शकतं. घाईने दोन थेंब कपड्यात होणं वेगळं, आणि ही गळती वेगळी. ती दिसली तर त्याच दिवशी दाखवायचं.

भीमाकाठ

सिस्टर, तुमचे आभार कसे मानू. वही लिहिली. रविवार घरी होतो, त्यामुळे बरं झालं.

सकाळपासून दुपारी जेवेपर्यंत खुर्चीत बसून होतो. लघवी दर तासाला, प्रत्येक वेळी शंभर-सव्वाशे मिली, रंग पिवळा. मापासाठी बायकोने स्वयंपाकघरातला जुना मेजरिंग कप दिला. दुपारी धान्याचं पोतं सरकवलं आणि पुढच्याच लघवीला गुलाबी. ग्लासामागे पेपर धरला तर मोठे मथळे वाचता आले, बारीक अक्षरं नाही. दोन वेळा पाणी पिऊन आडवा झालो, संध्याकाळी पुन्हा पिवळी. गुठळी एकही नाही. रात्री चारदा उठलो. कळ प्रत्येक वेळी लघवीबरोबरच, एरवी नाही. ताप दोनदा बघितला, नॉर्मल.

ऋतुजा_ओटी

म्हणजे हालचाल केली की रक्त, आराम केला की बंद, कळ फक्त लघवीच्या वेळी, ताप नाही, लघवी होतेय. हे सगळं नळीच्या घर्षणाचं आहे. दुखणं अडथळ्याचं असतं तर ते तुमच्या हालचालीची किंवा लघवीची वाट बघत बसलं नसतं.

तरीही ही वही डॉक्टरांना दाखवा आणि दोन गोष्टी विचारा. एक, पोटाचा साधा एक्स-रे, नळी जागेवर आहे का बघायला. सोनोग्राफीवर फार जाऊ नका. नळी असताना किडनी थोडी फुगलेली दिसतेच, लघवी वर चढत असल्यामुळे, आणि रिपोर्टातला तो शब्द वाचून लोक हबकतात. दोन, औषध. टॅमसुलोसिन ०.४ बहुतेकांना देतात, तुमच्या कार्डावर असेलच. त्याने मूत्रवाहिनीचा खालचा भाग आणि मूत्राशयाचं तोंड सैल पडतं. रात्री जेवणानंतर घ्यायची, झटकन उठायचं नाही, चक्कर येते. वीर्य कमी किंवा बाहेर आल्यासारखं वाटत नाही, तेही त्या गोळीमुळे, बंद केली की पूर्ववत होतं. पुरुष हे विचारत नाहीत आणि आतल्या आत घाबरतात, म्हणून सांगितलं. घाईसाठी दुसरी गोळी असते, सॉलिफेनासिन किंवा मिराबेग्रॉन. कोणती द्यायची ते त्यांना ठरवू द्या.

सह्याद्रीची_लेक

मला सॉलिफेनासिनने घाई निम्म्यावर आली, पण तोंड इतकं कोरडं पडायचं की बोलताना जीभ चिकटायची. आणि बद्धकोष्ठता. कुंथलं की पुन्हा रक्त दिसायचं. इसबगोल सुरू केल्यावर जमलं. मिराबेग्रॉनने तोंड कोरडं होत नाही म्हणतात, पण बीपीवाल्यांना डॉक्टर विचार करून देतात.

निखिल_एस

मूळ प्रश्न कुणी विचारतच नाही. खडा पूर्ण निघाला असेल तर स्टेंट घातलाच कशाला? युरोपियन यूरॉलॉजी असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांत म्हटलंय की गुंतागुंत न होता दुर्बिणीने खडा काढला असेल तर नेहमी स्टेंट घालण्याची गरज नाही. आपल्याकडे सरसकट घालतात. माणूस तीन आठवडे हैराण होतो आणि काढायचे पैसे वेगळे.

ऋतुजा_ओटी

निखिल, सूचना तुम्ही बरोबर वाचल्यात. पण त्यातला "गुंतागुंत न होता" हा भाग आत दुर्बीण घालणाऱ्यालाच दिसतो. खडा बरेच आठवडे एका जागी रुतलेला असेल, अस्तर सुजलं किंवा खरचटलं असेल, बारीक चुरा राहिला असेल, तर नळी न ठेवता घरी पाठवलेला माणूस त्याच रात्री भयंकर कळा घेऊन परत येतो, असंही मी पाहिलंय. गरज नसताना घातलेल्याही पाहिल्यात, ते नाकारत नाही. यांच्या बाबतीत काय होतं, ते त्यांच्या सर्जनलाच विचारावं.

निखिल_एस

विचारावंच. आणि तीन आठवडेच का, एक का नाही, हेही विचारावं.

लेस्टरकर

इकडे इंग्लंडमध्ये माझ्या स्टेंटला बारीक दोरा बांधलेला होता, तो मूत्रमार्गातून बाहेर काढून मांडीला टेपने चिकटवला होता. आठवडाभराने क्लिनिकमध्ये नर्सने दोरा ओढून नळी काढली, दुर्बीण नाही, भूल नाही. तुमच्याकडे हे का करत नाहीत?

ऋतुजा_ओटी

काही ठिकाणी करतात. थोड्या दिवसांसाठी नळी ठेवायची असेल तर सोयीचं. पण कपडे बदलताना दोरा ओढला जाऊन नळी आधीच निघून आल्याची उदाहरणं आहेत. ज्याला दोरा आहे त्याने तो कापायचा नाही, ओढायचा नाही, आणि चुकून नळी बाहेर आलीच तर परत आत सारायची नाही, तशीच घेऊन दवाखान्यात जायचं.

वाघूर

मी धागा वाचत होतो, लिहायचं नव्हतं. पण काढायच्या तारखेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

माझ्या काकांना असाच स्टेंट घातला होता. खडा गेला, पहिल्या महिन्यातला त्रास हळूहळू कमी झाला, आणि काकांना वाटलं की आपण बरे झालो. आत नळी आहे हे घरात कुणाला नीट ठाऊक नव्हतं. कार्डावर इंग्रजीत एक ओळ होती. दवाखान्यातूनही कधी फोन आला नाही. दोन वर्षांहून जास्त काळ गेला. मग पुन्हा रक्त, ओटीपोटात दुखणं आणि वारंवार ताप. एक्स-रे काढला तर नळी पूर्ण पांढरी दिसत होती, आणि मूत्राशयातल्या टोकावर लिंबाएवढा खडा धरलेला. किडनीतल्या टोकावर दुसरा. ओढून निघण्याचा प्रश्नच नव्हता. खालचा खडा दुर्बिणीने फोडला, वरच्यासाठी पाठीतून छिद्र पाडून ऑपरेशन, असं टप्प्याटप्प्याने काढावं लागलं. तोवर त्या किडनीचं काम बरंच कमी झालं होतं.

ऋतुजा_ओटी

वाघूर दादा, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. साध्या नळ्या तीन महिन्यांच्या आत काढायच्या किंवा बदलायच्या असतात. काही जास्त टिकणाऱ्या असतात, पण कोणती घातली ते कार्डावर बघावं लागतं. ज्यांना वारंवार खडे होतात त्यांच्या नळीवर थर लवकर चढतो. आणि त्रास कमी झाला याचा अर्थ नळी विरघळली असा नाही. ती विरघळत नाही. घरात दुसऱ्या एका माणसाला काढायची तारीख माहीत असलीच पाहिजे.

भीमाकाठ

आज दाखवून आलो. वही बघून डॉक्टरांनी पंधरा मिनिटं दिली, एरवी दोन मिळतात.

एक्स-रे काढला. नळी जागेवर आहे, वरचं वेटोळं किडनीत नीट. पण खालचं वेटोळं मूत्राशयात मधली रेषा ओलांडून उजवीकडे गेलेलं दिसतं. घातलेली नळी २६ सेंमीची, माझी उंची पाच फूट तीन इंच. डॉक्टर म्हणाले, नळीचा जास्तीचा भाग मूत्राशयात लोळतोय, त्यामुळे घाई इतरांपेक्षा जास्त असू शकते. बदलायची का विचारलं, तर म्हणाले त्यासाठी पुन्हा आत जायचं, त्यापेक्षा लवकर काढू. तीन आठवड्यांऐवजी दोन.

निखिल, तुमचा प्रश्नही विचारला. खडा बरेच दिवस एकाच जागी रुतून होता, आणि तो निघाल्यावर तिथलं अस्तर सुजून जवळजवळ मिटलं होतं, म्हणून नळी घातली असं म्हणाले. तीन आठवडे का, यावर उत्तर "आम्ही साधारण तेवढे ठेवतो".

टॅमसुलोसिन चालूच आहे, त्यात मिराबेग्रॉन वाढवलं. अँटिबायोटिक नाही, कल्चर पाठवलंय. मोटरसायकल बंद करायला सांगितली नाही. रक्त दिसेल, त्याने नुकसान होणार नाही, पण सोसत नसेल तर थांबवा म्हणाले.

आबा_तासगाव

गाडी बंदच ठेव पोरा. रक्त दिसतंय आणि चालव कसं म्हणतात?

ऋतुजा_ओटी

आबा, यावर डॉक्टरांचंही एकमत नाही. आमच्याकडे एक सर गाडी, जिना, सगळं चालू ठेवायला सांगतात, दुसरे नळी निघेपर्यंत दुचाकी नको म्हणतात. चालणं-फिरणं बंद करू नये एवढं दोघेही सांगतात. जड वजन उचलू नये हेही दोघेही.

नळी लांब असली की घाई जास्त, हे मीही पाहिलंय, मधली रेषा ओलांडलेल्यांना तर हमखास. पण नेमक्या लांबीची असूनही रडकुंडीला आलेले पेशंटही पाहिलेत.

भीमाकाठ

नळी निघाली. सविस्तर लिहितो, कारण मला याचीच सगळ्यात जास्त भीती होती.

भूल दिली नाही. मूत्रमार्गात बधिर करणारी जेली घातली आणि दहा मिनिटं तशीच राहू दिली. सिस्टरनी सांगितलं की दुर्बीण आत जाताना लघवी करतोय अशा बेताने सैल सोडा आणि श्वास सोडत राहा. एका वळणावर झोंबलं. स्क्रीनवर ते निळं वेटोळं दिसलं, चिमट्याने पकडलं आणि सरकन ओढलं. कुशीतून काहीतरी निसटल्यासारखं वाटलं. सगळं मिळून पाच मिनिटंही नाही. नळीवर खालच्या टोकाला करड्या रंगाची खर धरली होती, बोटाला खरखरीत लागली. दोन आठवड्यांत एवढी, तर वाघूर दादांच्या काकांचं काय झालं असेल ते समजलं.

घरी आल्यावर संध्याकाळी मात्र डाव्या कुशीत जोराची कळ आली, खड्याच्या वेळेची आठवण व्हावी अशी. डॉक्टरांनी त्या रात्रीसाठी वेदनाशामक लिहून दिलं होतं, ते घेतलं. रात्रीतून ओसरली. लघवी एकदा गुलाबी झाली, मग स्वच्छ. आणि घाई सकाळपर्यंत पूर्ण गेली.

कल्चर निगेटिव्ह आलं. पस सेल्स होते तरी.

ऋतुजा_ओटी

छान झालं. ती संध्याकाळची कळ बऱ्याच जणांना येते. नळी निघाल्यावर मूत्रवाहिनी आवळते आणि सुजेमुळे लघवी थोडा वेळ अडते. एक-दोन दिवसांत जाते. गेली नाही, वाढली, किंवा ताप आला, तर पुन्हा दाखवायचं, कारण मग सूज किंवा राहिलेला तुकडा आतून वाट अडवत असतो. खडा कोणत्या प्रकारचा होता त्याची तपासणी केली का? आणि महिना-दीड महिन्याने सोनोग्राफी करून किडनीची सूज पूर्ण उतरली का ते बघा. आता नळी नाही, तेव्हा आता सूज दिसली तर ती गंभीरपणे घ्यायची.

भीमाकाठ

तपासणीला दिलाय, रिपोर्ट आला की टाकतो.

मीनल_मडगाव

ऋतुजाताई, उशिरा लिहितेय. मला पाचवा महिना आहे. खड्याने किडनी तुंबली म्हणून स्टेंट घातलाय, खडा बाळंतपणानंतर काढणार म्हणाले. म्हणजे नळी चार-साडेचार महिने राहणार का? घाई तर गरोदरपणात असतेच, त्यामुळे यातलं नळीचं किती आणि बाळाचं किती तेच कळत नाही. वर सांगितलेल्या घाईच्या गोळ्या मला चालतील का?

ऋतुजा_ओटी

मीनल, त्या गोळ्या तू आपल्या मनाने अजिबात घेऊ नकोस. स्त्रीरोगतज्ज्ञ आणि यूरॉलॉजिस्ट दोघांना विचारल्याशिवाय वेदनाशामकसुद्धा नाही. घाई कशाची किती, ते मलाही इथून सांगता येणार नाही. पण एक नक्की सांगते, गरोदरपणात नळीवर थर फार लवकर चढतो, त्यामुळे एकच नळी बाळंतपणापर्यंत ठेवत नाहीत. बहुतेक ठिकाणी चार ते सहा आठवड्यांनी बदलतात. तुझ्या कार्डावर बदलायची तारीख लिहिली आहे का? ताप, थंडी, किंवा पोट कडक होऊन कळा आल्या तर तारखेची वाट बघायची नाही.

मीनल_मडगाव

कार्डावर फक्त घातल्याची तारीख आहे, बदलायची नाही. पाच आठवडे होत आले. सकाळी ओपीडी उघडली की फोन करते.